वाट पाहणारा आयन: दोन टप्प्यांच्या क्वांटम रिपीटरचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या गटातले आहे. गट कुठला आणि कोणाकोणाचा, हे सांगत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणे तशीच ठेवली आहेत.

अ आणि ब अशी दोन टोके होती आणि त्यांच्यामध्ये १०० किलोमीटर ऑप्टिकल फायबर. बरोबर मध्यावर एक केंद्र, त्याला म म्हणू. एक फोटॉन अ-कडे आणि एक ब-कडे, आणि ते दोघे एकमेकांशी गुंतलेले, म्हणजे दोघांची मिळून एकच क्वांटम अवस्था, अशा जोड्या आम्हाला हव्या होत्या. शिवाय जोडी खरोखर तयार झाली की तशी खबरही मिळायला हवी होती.

अडचण फायबरच्या गळतीची आहे. १५५० नॅनोमीटरला, म्हणजे फायबर सगळ्यात पारदर्शक असतो त्या तरंगलांबीला, किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल प्रकाश वाया जातो. १०० किलोमीटरला २० डेसिबल होतात, म्हणजे शंभरातला एक फोटॉन पोहोचतो. हे चालून जाते. पण अंतर दहापट केले की गळती दहापट होत नाही, ती घातांकाने वाढते. १००० किलोमीटरला २०० डेसिबल, म्हणजे १०^२० फोटॉनांपैकी एक. सेकंदाला एक कोटी जोड्या देणारा स्रोत मिळाला तरी एका यशासाठी सुमारे तीन लाख वर्षे थांबावे लागेल. साध्या दूरसंचारात मधे अॅम्प्लिफायर बसवतात. इथे तो मार्ग बंद आहे, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे एन्टँगलमेंट स्वॉपिंग. ही कल्पना १९९३ मध्ये झुकोव्स्की, झायलिंगर, होर्न आणि एकर्ट यांनी मांडली. अ आणि म यांच्यात एक जोडी करायची, म आणि ब यांच्यात दुसरी. मग म-पाशी असलेल्या दोन अर्ध्यांचे एकत्र बेल मोजमाप करायचे, म्हणजे ते दोघे चार बेल अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेत आहेत एवढेच विचारायचे. ते उत्तर मिळाले की एकमेकांना कधीही न भेटलेले अ आणि ब गुंतलेले असतात. १९९८ मध्ये ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी असे टप्पे जोडत लांबचे अंतर कसे गाठायचे हे दाखवले, आणि रिपीटर हा शब्द या क्षेत्रात रुळला.

समस्या पहिली: नुसत्या स्वॉपिंगने काही वाचत नाही

आमच्या पहिल्या आराखड्यात मेमरी, म्हणजे क्वांटम अवस्था काही काळ जपून ठेवणारी गोष्ट, नव्हती. अ-पाशी एक स्रोत, ब-पाशी एक स्रोत, दोघांनी एकेक फोटॉन म-कडे पाठवायचा, आणि म-वर एक बीम स्प्लिटर व डिटेक्टर. "अंतर निम्मे झाले, म्हणजे गळतीही निम्मी" हे वाक्य बैठकीत मीच बोललो होतो.

गळती खरोखरच निम्मी होते, पण फक्त डेसिबलमध्ये. ५० किलोमीटरला १० डेसिबल, म्हणजे दहातला एक फोटॉन म-पाशी येतो. पण स्वॉपिंगसाठी दोन्ही फोटॉन एकाच क्षणी यायला हवेत. तशी शक्यता एक दशांश गुणिले एक दशांश, म्हणजे पुन्हा शंभरात एक. थेट १०० किलोमीटर पाठवले तरी नेमके तेवढेच मिळते.

नुकसान इथेच थांबत नाही. असे स्रोत प्रत्येक स्पंदाला जोडी देत नाहीत. एका वेळी दोन जोड्या निघू नयेत म्हणून संभाव्यता मुद्दाम कमी, समजा ०.०५ ठेवतात. आता दोन्ही स्रोतांनी एकाच वेळी जोडी दिली पाहिजे, म्हणजे ०.०५ चा वर्ग. त्यावर आणखी एक अडचण: फक्त बीम स्प्लिटर आणि डिटेक्टर वापरून केलेले बेल मोजमाप चारपैकी दोनच अवस्था ओळखते, म्हणजे अर्ध्या वेळा उत्तर निरुपयोगी. सगळे मिळून थेट पाठवण्यापेक्षा चाळीस पटींनी वाईट.

अशा रचनेला क्वांटम रिले म्हणतात आणि तिचा उपयोग आहे. म-वर टिक् झाली तरच टोकांकडे पाहायचे असल्यामुळे डिटेक्टरच्या खोट्या टिकांचा त्रास कमी होतो. मात्र दर वाढवण्यासाठी ती उपयोगाची नाही. हा हिशेब कागदाच्या एका पानावर बसतो, आणि तो उपकरणांची यादी करण्याआधी व्हायला हवा होता. आमच्या सुदैवाने ऑर्डर जाण्याच्या आठवडाभर आधी तो झाला.

पर्याय आणि मेमरीचा निर्णय

या प्रश्नाचे मूळ "एकाच क्षणी" या अटीत आहे. एका बाजूचे यश दुसऱ्या बाजूची वाट पाहत टिकून राहिले, तर दोन्ही यशे एकाच क्षणी लागत नाहीत. एका प्रयत्नात एका बाजूला यश मिळण्याची शक्यता p असेल, तर मेमरीशिवाय सरासरी १/p² प्रयत्न लागतात आणि मेमरी असेल तर साधारण १.५/p. रिपीटरचा सगळा फायदा या फरकात आहे. स्वॉपिंगमुळे टप्पे जोडले जातात, पण दर वाचतो तो वाट पाहण्यामुळे.

आम्ही म-वर एका सापळ्यात दोन आयन ठेवायचे ठरवले. प्रत्येक आयन स्वतःशी गुंतलेला एक फोटॉन सोडणार, एक अ-च्या दिशेने आणि दुसरा ब-च्या. टोकांना फोटॉन पोहोचला की तिथेच मोजायचा आणि "मिळाला" किंवा "नाही" हा निरोप म-ला पाठवायचा. दोन्हीकडून "मिळाला" आले की म-वर दोन आयनांमध्ये गेट चालवून बेल मोजमाप करायचे. दोन्ही आयन एकाच सापळ्यात असल्यामुळे हे मोजमाप चारही अवस्था ओळखते. म्हणजे बीम स्प्लिटरमुळे जाणारा अर्धा वाटा वाचतो. अशाच रचनेचा, एकूण ५० किलोमीटर फायबरवरचा प्रयोग इन्सब्रुकच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्यामुळे वाट अनोळखी नव्हती.

आयनाचा फोटॉन ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि त्या तरंगलांबीला फायबर किलोमीटरमागे २ ते ३ डेसिबल खातो. म्हणून तो आधी एका स्फटिकातून १५५० नॅनोमीटरला बदलावा लागतो. आयनातून फोटॉन गोळा करणे आणि बदलणे मिळून ०.१, फायबर ०.१, टोकाचा डिटेक्टर ०.८. गुणाकार केला की p = ०.००८.

आता वेळ. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. ५० किलोमीटर जायला २५० आणि निरोप परत यायला २५०, म्हणजे एका प्रयत्नाला अर्धा मिलिसेकंद. सेकंदाला २००० प्रयत्न. लेसर कितीही जलद असला तरी हा आकडा हलत नाही. मेमरीशिवाय दर सेकंदाला ०.१३ आला असता. मेमरीसह कागदावर सेकंदाला १०.७ आला, म्हणजे ऐंशी पटींहून जास्त.

समस्या दुसरी: दर आला, जोड्या आल्या नाहीत

यंत्रणा चालू झाली तेव्हा दर जवळजवळ कागदावरचाच मिळाला आणि त्या रात्री सगळे खूश होते. सकाळी बेल चाचणी काढली. तिच्यात अ आणि ब यांच्या निकालांच्या सहसंबंधांवरून S हा आकडा निघतो. तो २ च्या वर गेला तरच ते सहसंबंध कोणत्याही साध्या, आधीच ठरलेल्या स्पष्टीकरणात बसत नाहीत असे म्हणता येते. आमचा S १.७ च्या आसपास होता.

पहिला संशय फायबरवर गेला. जमिनीखालच्या फायबरमध्ये तापमानाने ध्रुवीकरण फिरते, आणि ते नीट जुळवले नाही तर सहसंबंध पुसट होतात. दोन दिवस ध्रुवीकरण नियंत्रकांशी झगडण्यात गेले आणि काहीच बदलले नाही. मग मेमरीचे काम पाहणाऱ्या सहकारीने एक साधा प्रश्न विचारला: "सहसंबंध दोन्ही दिशांना सारखाच पडलाय का?"

तो सारखा पडला नव्हता. Z दिशेतला, म्हणजे आयन कोणत्या पातळीत आहे ते तपासणारा, सहसंबंध ०.८२ होता. दोन्ही टप्पे आणि गेट यांच्या नेहमीच्या त्रुटी धरल्या तर तेवढाच अपेक्षित होता. X दिशेतला, म्हणजे दोन पातळ्यांमधला फेज तपासणारा, मात्र ०.२ वर आला होता. फायबरमध्ये ध्रुवीकरण फिरले असते तर सहसा दोन्ही दिशा बिघडल्या असत्या. एक दिशा शाबूत आणि दुसरी गेलेली, ही खूण फेज विस्कटल्याची असते. आयन कोणत्या पातळीत आहे हे त्याला "आठवते", पण दोन पातळ्यांमधला फेज तो विसरतो.

पुढची पायरी मला आजही आवडते, कारण तिच्यासाठी नवे मोजमाप करावेच लागले नाही. प्रत्येक यशाबरोबर वेळेची नोंद होती. पहिला आयन दुसऱ्यासाठी किती थांबला, त्या वेळेनुसार सगळ्या घटना कप्प्यांत टाकल्या. पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांच्या कप्प्यात X सहसंबंध जवळजवळ Z इतकाच होता. वेळ वाढत गेला तसा तो उतरत गेला, आणि २० मिलिसेकंदांवर मूळच्या एक तृतीयांशाच्या थोडा वर राहिला. म्हणजे मेमरीचा फेज टिकण्याचा काळ २० मिलिसेकंद.

दुसऱ्या आयनाची वाट पाहण्याचा सरासरी काळ १२५ प्रयत्न, म्हणजे ६२ मिलिसेकंद. जोड्या वाट पाहतानाच मरत होत्या.

२० मिलिसेकंद का?

प्रयोगाआधी आम्ही मेमरी मोजली होती, तेव्हा ६० मिलिसेकंद आले होते. ते मोजमाप खोटे नव्हते, पण त्या वेळी शेजारचा आयन निवांत बसलेला होता. प्रत्यक्ष चालताना एक आयन वाट पाहतो आणि त्याच वेळी काही मायक्रोमीटरवरच्या दुसऱ्यावर दर अर्ध्या मिलिसेकंदाला लेसरचा मारा होत असतो. तो प्रकाश थोडासा सांडतो. वाट पाहणाऱ्याच्या पातळ्या किंचित सरकतात, आणि किती सरकतात ते आयनाच्या थरथरण्यावर अवलंबून असल्यामुळे दरवेळी वेगळे असते. थंड करणारा लेसर त्या काळात लावता येत नाही, म्हणून थरथर वाढतच जाते. वाट पाहणारा आयन ठेवून शेजाऱ्याला चालू आणि बंद केले, तेव्हा आकडे लगेच वेगळे पडले: बंद असताना ६०, चालू असताना २०.

पर्याय दुसऱ्या वेळी

तीन मार्ग होते. मेमरी सुधारायची, p वाढवायची, किंवा फार वाट पाहिलेले यश टाकून द्यायचे.

तिसऱ्याला कटऑफ म्हणतात. ठरलेल्या वेळात दुसऱ्या बाजूचे यश आले नाही, तर पहिले सोडून द्यायचे आणि दोन्ही बाजू नव्याने सुरू करायच्या. दर कमी होतो, पण जे उरते ते ताजे असते. आमच्या आकड्यांनी हिशेब असा पडला:

| कटऑफ | दर, सेकंदाला | X सहसंबंध | S |
|---|---|---|---|
| नाही | १०.७ | ०.२० | १.६९ |
| २० मिलिसेकंद | ५.७ | ०.५३ | १.९६ |
| १० मिलिसेकंद | ३.६ | ०.६५ | २.१० |
| ५ मिलिसेकंद | २.१ | ०.७३ | २.२० |

मेमरीचा काळ २० मिलिसेकंद, म्हणून कटऑफही २० ठेवू, असे पटकन वाटते. दुसरी ओळ दाखवते की तेवढ्याने २ ची रेघ थोडक्यात हुकते.

गटप्रमुखांचे मत होते की कटऑफ कशाला यंत्रणेत घालायचा, नोंदी आहेतच, नंतर गाळून घेऊ. हा प्रश्न अर्धा दिवस चालला आणि तो क्षुल्लक नव्हता. नंतर गाळले तर S तेवढाच सुधारतो, पण वाट पाहण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. ५ मिलिसेकंदांच्या पलीकडच्या जोड्या टाकल्या तर १०.७ पैकी सुमारे ०.८ उरतात. यंत्रणेने त्याच क्षणी पहिला आयन सोडून नव्याने सुरुवात केली, तर २.१ मिळतात. अडीच पटींचा फरक. शिवाय नंतर गाळण्यात एक मोठी मेख आहे. जोडी पुढे कोणाला वापरायची असेल, तर ती चांगली होती की नाही हे रात्रभरानंतर कळून उपयोग नाही.

केलेली कृती

आधी जुन्याच नोंदी ५ मिलिसेकंदांवर गाळल्या. S २.२ च्या आसपास आला आणि निदान पक्के झाले. नियंत्रकाला हात लावण्याआधी एवढी खात्री हवी होती.

मग कटऑफ नियंत्रकात बसवला. म-वरचा नियंत्रक दोन्ही टोकांचे निरोप ऐकतो, पहिले यश आले की मोजणी सुरू करतो, आणि दहा प्रयत्नांत दुसरे आले नाही तर दोन्ही आयन पुन्हा तयार करतो. १० मिलिसेकंदांचा कटऑफ घ्यायचा की ५ चा, यावर ५ निवडला. १० ला S २.१० कागदावर ठीक दिसतो, पण ध्रुवीकरण थोडे सरकले तरी तो २ च्या खाली जाईल अशी भीती होती. दर कमी घेऊन पहिला निकाल नि:शंक घ्यावा, असे ठरले.

दरम्यान मेमरीवर काम चालू राहिले. पहिले यश आले की वाट पाहणाऱ्या आयनाची अवस्था अशा पातळ्यांत हलवायची, जिथे शेजाऱ्यावर मारलेल्या प्रकाशाचा परिणाम होत नाही. त्यासोबत मधे मधे अवस्था उलटवणारे स्पंद द्यायचे, म्हणजे हळूहळू साचणारा फेज स्वतःच स्वतःला रद्द करतो. हे जमायला जवळपास चार महिने लागले.

निकाल

कटऑफसह सेकंदाला दोनच्या थोड्या वर जोड्या आणि S २.२ च्या जवळ. बिनखंड चाललेल्या एका तासात साडेसात हजारांच्या आसपास घटना जमतात, तेवढ्या निष्कर्षाला पुरतात. तुलनेसाठी, तेच आयन आणि तेच डिटेक्टर वापरून मधले केंद्र वगळले, एक आयन अ-वर ठेवून फोटॉन थेट १०० किलोमीटर पाठवला आणि निरोपाची वाट पाहिली, तर सेकंदाला ०.८ मिळतात. म्हणजे एवढे टाकूनही रिपीटर पुढे राहिला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खबर नको असेल आणि जोडी साठवायची नसेल, तर मध्यावर सेकंदाला एक कोटी जोड्या देणारा एक साधा स्फटिक स्रोत बसवून १०० किलोमीटरवर सेकंदाला लाखभर जोड्या मिळवता येतात. तेवढ्या अंतराला रिपीटरची गरजच नाही. तो स्रोत ५०० किलोमीटरवर तासाला तीन-चार जोड्यांवर येतो. आमच्या रचनेची खरी परीक्षा तिकडे आहे, आणि तिथे एक नाही, अनेक मधली केंद्रे लागतील.

चार महिन्यांनंतर मेमरीचा काळ ५० मिलिसेकंदांवर गेला. कटऑफ २० पर्यंत सैल केला. दर ५.७ आणि S २.१४.

आज वेगळे काय करू

मेमरी नेहमी शेजारी कामात असतानाच मोजू. शांत सापळ्यात मोजलेला काळ आराखड्यात वापरणे ही आमची सगळ्यात महागडी चूक होती. खरे तर कागदावरच शंका यायला हवी होती. ६० मिलिसेकंद मेमरी आणि ६२ मिलिसेकंद सरासरी वाट हे आकडे शेजारी ठेवले की "जेमतेम पुरेल" असे वाटते. पण वाट पाहण्याच्या काळाची शेपटी लांब असते. सगळ्या घटनांवर सरासरी घेतली तर X सहसंबंधाचा निम्माच भाग उरतो आणि S २ च्या खाली राहतो. म्हणजे कटऑफ पहिल्या दिवसापासून लागणारच होता.

Z आणि X वेगळे पाहणे आणि वेळेनुसार कप्पे करणे, या दोन गोष्टी फायबरला हात लावण्याआधी करू. दोन्हीला मिळून अर्धा तास लागतो.

तिसरी गोष्ट मी अजून गटात पूर्णपणे पटवू शकलेलो नाही. चार महिने मेमरीवर घालवण्याऐवजी p वर घालवायला हवे होते. निरोप येईपर्यंतच्या अर्ध्या मिलिसेकंदात केंद्र रिकामे बसते. त्या काळात एका बाजूला दहा आयनांनी ओळीने दहा फोटॉन सोडले, तर प्रत्येक प्रयत्नातली यशाची शक्यता ०.००८ वरून ०.०७७ वर जाते. सरासरी वाट ६२ वरून साडेसहा मिलिसेकंदांवर येते. मग जुन्या २० मिलिसेकंदांच्या मेमरीनेही, कटऑफशिवाय, S २ च्या थोडा वर गेला असता आणि दर सेकंदाला शंभरच्या आसपास आला असता.

यावर त्या सहकारीचा आक्षेप असा की दहा आयन म्हणजे दहापट लेसर स्पंद आणि सांडणारा प्रकाशही दहापट. वाट पाहणाऱ्या आयनाला लपवण्याची युक्ती आधी हातात नसती, तर २० मिलिसेकंदसुद्धा टिकले नसते. सध्या सापळ्यात तीन आयन घालून तेच मोजणे चालू आहे.